कामणच्या खाडीवरची एक रात्र आणि एफआयआरमधली तीन कलमं

रविवारी विहारातली वंदना आटोपून लोक पांगले, तरी एक मावशी थांबून राहिल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एफआयआरची प्रत. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता. गल्लीतल्या तीन पोरांनी रात्री एकाला गाठून कोयत्याचे वार केले. तो जगला. ती पोरं ज्या मोटारसायकलवर गेली ती मावशींच्या मुलाची होती. मुलगा बावीस वर्षांचा, डिलिव्हरीचं काम करणारा, आणि वार झाले तेव्हा तो घटनास्थळापासून दोन स्टेशनं लांब होता. तरी चौथा आरोपी म्हणून त्याचं नाव आलं. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

मावशींचं बोट एका ओळीवर होतं. भारतीय न्याय संहिता, कलम 109, 49, 61(2). "एकाच भांडणाचे तीन गुन्हे कसे काय लावले? आणि त्यानं तर नुसती गाडी दिली हो," असं त्या म्हणत होत्या.

नालासोपारा-विरारच्या वस्त्यांत काम करताना ही ओळ आम्हाला नेहमी दिसते. कधी आपल्या मुलांची नावं तिच्याखाली येतात. कधी आपल्यावर अत्याचार झालेला असतो, आणि मग आपलेच कार्यकर्ते पोलीस ठाण्यात हट्ट धरतात, की "कटाचं कलम लावा, सगळ्यांना आत घ्या." दोन्ही वेळी कट, अपप्रेरणा आणि प्रयत्न हे तीन शब्द एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने हे तीन वेगवेगळे गुन्हे आहेत. ते वेगवेगळ्या क्षणी पूर्ण होतात आणि वेगवेगळ्या पुराव्यावर उभे राहतात किंवा पडतात. हा फरक समजून घेण्यासाठी लांब जायची गरज नाही. देशभरच्या लॉ कॉलेजांत 'प्रयत्न' या विषयावर जो खटला शिकवतात, तो आपल्याच वसई तालुक्यात घडलेला आहे.

14 सप्टेंबर 1968 ची रात्र. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा व्हायला अजून शेहेचाळीस वर्षं होती. मुंबईहून एक जीप आणि एक ट्रक चांदी घेऊन वसईकडच्या किनाऱ्याला जाणार अशी खबर अबकारी खात्याला लागली. अधिकारी महामार्गावर दबा धरून बसले आणि मध्यरात्रीच्या सुमारास ही दोन वाहनं दिसल्यावर अंतर ठेवून त्यांच्या मागे निघाले. वाहनं कामणपर्यंत आली आणि कामणच्या खाडीवरच्या पुलाजवळ ट्रक थांबला. आज चिंचोटीहून भिवंडीकडे जाताना जे कामण लागतं, तेच. काळोखात माणसं ट्रकमधून लहान पण जड गाठोडी उतरवून जमिनीवर ठेवू लागली. अधिकारी धावून गेले, आणि त्याच वेळी खाडीच्या बाजूने यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. झडतीत चांदीच्या लगडी सापडल्या. ट्रकमधल्या लगडी भुशाच्या पोत्यांखाली दडवलेल्या होत्या.

आरोप होता चांदी चोरून देशाबाहेर पाठवण्याचा प्रयत्न केल्याचा. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने ती रद्द केली आणि उच्च न्यायालयानेही सुटकाच कायम ठेवली. चांदी अजून जमिनीवरच आहे, बोटीत चढलेली नाही, म्हणजे ही फक्त तयारी झाली, प्रयत्न नाही, असा त्यामागचा विचार होता. आपल्या कायद्यात नुसती तयारी हा सर्वसाधारणपणे गुन्हा नसतो. दरोड्याची तयारी यासारखे मोजके अपवाद आहेत. कोयता विकत आणणं आणि कोयता उगारणं यांत कायदा अंतर मानतो, कारण आणलेला कोयता माणूस घरी ठेवूनही देऊ शकतो.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध महंमद याकूब या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 मार्च 1980 रोजी न्या. सरकारिया आणि न्या. चिनप्पा रेड्डी यांनी सुटका रद्द केली. कामणच्या पुलावर घडलं तो प्रयत्नच होता, असं त्यांनी ठरवलं. गुन्ह्याच्या आधीचं अगदी शेवटचं पाऊल पडलं पाहिजे असं नाही. केलेली कृती गुन्ह्याच्या पुरेशी जवळची हवी, आणि आजूबाजूच्या परिस्थितीसह पाहिल्यावर तिच्यातून नेमका कोणता गुन्हा करायचा होता ते वाजवी खात्रीने दिसायला हवं.

न्या. चिनप्पा रेड्डींनी हे ज्या पद्धतीने उलगडलं, ते आम्हाला फार उपयोगी वाटतं. त्यांनी तो ट्रक जणू रस्त्यात ठिकठिकाणी थांबवून पाहिला. प्रवास सुरू होतानाच, किंवा शिरसाट नाक्यावर, ट्रकची झडती झाली असती तर काय म्हणता आलं असतं? फार तर एवढंच, की ही माणसं चांदी कुठेतरी नेत आहेत. ती देशाबाहेर चालली आहे हे त्यावरून ठरत नाही. ट्रक निर्जन खाडीवर आला तेव्हा संशय वाढला, पण तेव्हाही किनाऱ्याकिनाऱ्याने देशातच माल न्यायचा होता असं सांगायला जागा होती. मध्यरात्र, लपवाछपवी, खाडीकाठी उतरवलेली गाठोडी आणि बोटीचा आवाज, हे सगळं एकत्र आल्यावर मात्र दुसरा अर्थ उरला नाही. शिरसाट नाका ते कामण हे अंतर काही फार नाही. त्याच ट्रकमध्ये तीच चांदी होती, पण कायद्याच्या लेखी त्या अंतरात तयारीचा प्रयत्न झाला.

प्रयत्नाबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रयत्नाला दुसरा माणूस लागत नाही, एकटा माणूसही तो करतो. आणि प्रयत्न फसला म्हणून गुन्हा पुसला जात नाही. विरार लोकलच्या गर्दीत एखाद्याने दुसऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी तो चोरीचा प्रयत्न आहे. रिकाम्या खिशाचं हे उदाहरण आमच्या कल्पनेतलं नाही, ते संहितेच्या कलम 62 खालीच दिलेलं आहे, लोकल तेवढी आमची. खुनाच्या प्रयत्नाला मात्र स्वतंत्र कलम आहे, तेच मावशींच्या कागदावरचं 109.

आता तीच रात्र मागे फिरवू. खटला होता फक्त प्रयत्नाचा, म्हणून इथून पुढे आम्ही 'समजा' म्हणून बोलतो आहोत.

समजा, त्या रात्रीच्या दहा दिवस आधी दोन माणसं मुंबईत चहाच्या टपरीवर बसली. एक म्हणाला, चांदी माझी, बोट तुझी, कामणच्या पुलाखाली भेटू. दुसरा म्हणाला, ठरलं. अजून ट्रक निघालेला नाही, चांदी कुणी हलवलेली नाही. प्रयत्नाच्या मोजपट्टीवर हे शून्य आहे. पण कटाचा गुन्हा इथेच पूर्ण झाला. कलम 61 म्हणतं, दोन किंवा अधिक व्यक्ती बेकायदेशीर गोष्ट करण्यासाठी, किंवा कायदेशीर गोष्ट बेकायदेशीर मार्गाने करण्यासाठी, समान उद्देशाने सहमत झाल्या की तो फौजदारी कट. ठरवलेली गोष्ट जर गुन्हाच असेल, तर सहमतीपलीकडे काहीही घडावं लागत नाही. ती बेकायदेशीर असूनही गुन्हा नसेल, तरच त्या सहमतीच्या पुढे निदान एखादी कृती झालेली लागते. जुन्या दंडसंहितेत हेच कलम 120-अ होतं, आणि ते 1913 साली घातलं गेलं. त्याआधी कट हा मुख्यतः अपप्रेरणेचाच एक प्रकार होता.

ठरवून झाल्यावर एकाने दुसऱ्या दिवशी माघार घेतली तर? कट त्या चहाच्या टपरीवर होऊन गेलेला असतो. माघारीमुळे शिक्षेत फरक पडू शकतो, आणि पुढच्या कृत्यांची जबाबदारी टळू शकते, पण झालेली सहमती माघारीने नाहीशी होत नाही.

वस्तीतलं उदाहरण घेऊ. गावात बैठक भरते आणि ठरतं की उद्यापासून बौद्धवाड्यातल्या कुणालाही किराणा द्यायचा नाही, गिरणीवर दळण घ्यायचं नाही. सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकणं हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे बैठकीत 'ठरलं' म्हणणाऱ्यांचा कट त्या रात्रीच झाला, दुसऱ्या दिवशी एखाद्या दुकानदाराने गुपचूप साखर दिली तरीही. पण त्याच बैठकीत कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस? तो सहमत होता की नुसता हजर होता? बहुतेक खटले इथेच अडतात.

कारण सहमती ही मनातली गोष्ट. कट करणारे त्याची लेखी नोंद ठेवत नाहीत, आणि न्यायालयंही तशी अपेक्षा करत नाहीत. वागणुकीवरून सहमतीचा निष्कर्ष काढता येतो. कटातल्या सगळ्यांनी एकमेकांना ओळखायला हवं असंही नाही, पण काय करायचं आहे ते प्रत्येकाला ठाऊक हवं आणि त्यात त्याची तयारी हवी. नुसती ओळख, नुसते फोन, एकाच खोलीत राहणं एवढं पुरत नाही. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने सर्व 26 आरोपींना फाशी सुनावली होती. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार जणांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि 19 जणांना कट व हत्येच्या आरोपातून मोकळं केलं. त्या 19 पैकी काहींचे मारेकऱ्यांशी संबंध होते, काहींनी नंतर आसरा दिला होता. पण गुन्हा होऊन गेल्यावर आसरा देणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यावरून माणूस मागच्या तारखेने कटात जात नाही.

हा नियम आपल्याला कधी वाचवतो आणि कधी फार जड जातो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पाच वर्षं मारेकऱ्यांचा माग नीट लागला नव्हता. ऑगस्ट 2018 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने आपल्या नालासोपाऱ्यात स्फोटकं पकडली, त्या प्रकरणात अटक झालेल्यांत शरद कळसकर होता, आणि तिथून धागा पुण्याच्या पुलापर्यंत गेला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना खुनासाठी जन्मठेप दिली. ज्यांच्यावर कट रचल्याचा किंवा मदत केल्याचा आरोप होता, त्या तिघांची मात्र पुराव्याअभावी सुटका झाली. पाचपैकी चौघांवर कटाचा आरोप होता, तो सिद्ध झाला नाही.

हा निकाल आला तेव्हा अनेकांनी आम्हाला विचारलं, गोळ्या झाडणारे दोषी ठरले, मग कट नव्हता असं कसं? दोन माणसं एका मोटारसायकलवर येऊन एकाच माणसावर गोळ्या झाडतात तेव्हा त्या दोघांचा समान इरादा त्यांच्या कृतीतच दिसतो, आणि समान इराद्याचं वेगळं कलम आहे. जुन्या कायद्यात 34, आता 3(5). ती कृती प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार असू शकतात. पण पुलावर हजर नसलेला माणूस त्या खुनात होता हे सांगायचं तर त्याची सहमती कधी, कुठे, कोणाबरोबर झाली याचा पुरावा हवा. हेतू असणं वेगळं, वैर असणं वेगळं, आणि सहमती असणं वेगळं. न्यायालयाने पहिल्या दोन गोष्टींवरून तिसरी गृहीत धरली नाही. निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील झालं आहे, म्हणून त्यावर इथे जास्त लिहीत नाही. आमचं दुःख मात्र लपवत नाही. सूत्रधार शोधायचा तर तपास पहिल्या काही आठवड्यांत व्हावा लागतो. फोनच्या नोंदी, बैठका, पैशांचा प्रवास यांचा माग पाच वर्षांनी कुठून लागणार?

कट सिद्ध करण्यासाठी पुरावा कायद्याने एक मोठी सवलतही दिली आहे. कट होता असं मानायला वाजवी आधार आधी दिसला, तर एका कटवाल्याने समान उद्देशाबद्दल बोललेलं, लिहिलेलं, केलेलं दुसऱ्याविरुद्धही वापरता येतं. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम 10 होतं, आता साक्ष अधिनियमाचं कलम 8 आहे. म्हणूनच पोलिसांना 61(2) आवडतं. एकाच्या मोबाइलमधला संदेश चौघांवर चालतो. पण हे कट चालू असेपर्यंतच्या बोलण्याला लागू होतं. सगळं संपल्यावर, अटक झाल्यावर एकाने दिलेला जबाब या वाटेने दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. आरोपपत्र हातात आलं की प्रत्येक संदेशाची तारीख आणि वेळ पाहायची ती यासाठी.

अपप्रेरणा हा सरकारी मराठीतला शब्द आहे. आपण चिथावणी, फूस, साथ म्हणतो. कलम 45 मध्ये तिच्या तीन वाटा आहेत. कुणाला गुन्हा करायला चिथावणं, ही पहिली. गुन्ह्यासाठी इतरांबरोबर कटात सामील होणं आणि त्या कटानुसार काही कृती घडणं, ही दुसरी. आणि गुन्ह्याला जाणूनबुजून मदत करणं, ही तिसरी.

पुन्हा कामणला जाऊ. समजा, बोटवाल्याला कुणी जाऊन म्हणालं, "आज रात्री पुलाखाली बोट लाव, माल पलीकडे ने, एवढे पैसे देतो," आणि बोटवाल्याने साफ नकार दिला. इथे कट नाही, कारण सहमत व्हायला दुसरा माणूसच नाही. प्रयत्न नाही, कारण चांदी अजून घरातच आहे. पण चिथावणी झाली, आणि ती बोलणाऱ्यापुरती पूर्ण झाली. समोरच्याने ऐकलं नाही तरी अपप्रेरणेला शिक्षा आहे, फक्त ती कमी असते. खुनाची चिथावणी दिली आणि खून झालाच नाही, तर कलम 55 प्रमाणे सात वर्षांपर्यंत, आणि त्या चिथावणीमुळे कुणाला दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. गुन्हा घडलाच तर मात्र चिथावणाऱ्याला कलम 49 प्रमाणे मूळ गुन्ह्याचीच शिक्षा.

म्हणजे कटाला सहमती लागते, अपप्रेरणेला ती लागतेच असं नाही. टाळी दोन हातांनी वाजते ती कटात, अपप्रेरणेत एक हात पुरतो. प्रयत्नाला ना टाळी लागते ना जोडीदार, तिथे गुन्ह्याच्या दिशेने पुरेसं पुढे गेलेलं पाऊल लागतं. अपप्रेरणेची दुसरी वाट कटातून जाते, त्यामुळे दोन्हींचा घोळ होतो. लक्षात ठेवायचं इतकंच, की कलम 61 चा कट सहमतीनेच पूर्ण होतो, आणि कलम 45 मधल्या कटाला त्याच्या पुढची कृती किंवा बेकायदेशीर टाळाटाळ लागते.

मदतीच्या वाटेबद्दल सावध राहायला हवं, कारण आपल्या वस्त्यांतली बहुतेक नावं तिथूनच एफआयआरमध्ये येतात. मदत गुन्ह्याआधी किंवा गुन्हा चालू असताना झालेली हवी, आणि ती गुन्हा सोपा व्हावा याच हेतूने केलेली हवी. मोटारसायकल दिली हे खरं. पण कशासाठी दिली?

चिथावणीबाबतही तसंच. भांडणात तोंडातून गेलेला प्रत्येक शब्द चिथावणी ठरत नाही. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर बायकोच्या भावावर गुन्हा दाखल झाला, कारण भांडणात तो 'जा, मर' असं म्हणाला होता. दोन दिवसांनी आत्महत्या झाली होती. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरोप रद्द केले. रागात बोललेल्या शब्दामागे समोरच्याने ती गोष्ट खरंच करावी हा इरादा नसतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. उलट, महिनोन्‌महिने जातीवरून छळ करून एखाद्याला दुसरा मार्गच ठेवला नाही, तर एकही 'मर' न उच्चारता अपप्रेरणा होऊ शकते. तिथे मात्र छळाच्या तारखा, तक्रारी, साक्षीदार लागतात.

आपल्या कार्यकर्त्यांनाही माहीत नसलेली एक तरतूद इथे सांगायलाच हवी. अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 8. अत्याचार करणाऱ्या आरोपीला त्या गुन्ह्याच्या संदर्भात कुणी आर्थिक मदत केल्याचं सिद्ध झालं, तर त्याने अपप्रेरणा केली असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं त्या माणसावर येतं. तसंच, गटाने केलेला अत्याचार जमिनीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या जुन्या वादातून झाला असं सिद्ध झालं, तर तो समान इराद्याने किंवा समान उद्देशाने झाला असं गृहीत धरलं जातं. म्हणजे जिथे कट सिद्ध करणं अशक्यप्राय असतं, तिथे कायद्याने पीडिताच्या हातात दुसरं साधन दिलं आहे. पोलीस ठाण्यात "कटाचं कलम लावा" म्हणून तास घालवण्यापेक्षा पैसे कोणी दिले, गाडी कोणी भाड्याने आणली, वकील कोणी लावला, आधीचा वाद कोणता आणि त्याची नोंद कुठे आहे, हे जबाबात यायला हवं. अर्थात गृहीतकाचा हा आधार अॅट्रॉसिटीचा गुन्हा टिकला तरच मिळतो. खैरलांजीत आठ जण दोषी ठरले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे न्यायालयाने मान्य केले नाहीत, हे आपण विसरलेलो नाही.

मावशींकडे परत येऊ. आम्ही वकील नाही, वकिलाकडे जाण्याआधी कागद लावून देणं एवढंच आमचं काम. मुलाला भेटलो तेव्हा त्याला तीनच प्रश्न विचारले. गाडी कधी मागितली? मागताना काय सांगितलं? आणि त्यानंतर त्या पोरांशी बोलणं झालं का, केव्हा?

तो म्हणाला, संध्याकाळी सातच्या सुमारास एकाचा फोन आला, आईला दवाखान्यात न्यायचं आहे म्हणाला. साडेअकराला पुन्हा फोन आला, गाडी तुझ्या बिल्डिंगखाली लावली आहे म्हणून. वार दहाच्या सुमारास झाले होते. सातचा फोन खरा असेल आणि कारण तेच सांगितलं असेल, तर सहमती नाही आणि हेतूपूर्वक मदतही नाही. साडेअकराचा फोन कटाचा पुरावा होत नाही, कारण तोवर सगळं होऊन गेलं होतं. तो त्या जागी नव्हता, त्याने काही उगारलं नव्हतं, म्हणजे प्रयत्नात त्याला ओढायचं तर कट किंवा मदतीच्या मार्गानेच ओढावं लागणार, आणि तिथे 'त्याला माहीत होतं' हे सरकार पक्षाने दाखवायला हवं. मग आम्ही चौथा प्रश्न विचारला, जो सरकारी वकील विचारणारच होता: त्या पोरांचं कुणाशी वाजलंय हे तुला माहीत होतं का? तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं.

वैर माहीत असणं म्हणजे त्या रात्रीचा बेत माहीत असणं नव्हे. पण हे उत्तर वकिलापासून लपवायचं नाही, असं मावशींना समजावून सांगितलं. लपवलेली गोष्ट उलटतपासात निघाली तर खरी गोष्टही खोटी वाटू लागते. मोबाइल बदलू नका, सिमकार्ड बंद करू नका, काही पुसू नका, हेही सांगितलं, कारण दोन्ही फोनच्या वेळा त्याच्याच बाजूने आहेत. दवाखान्याचं कारण खरं होतं की थाप, हे शोधायला त्या संध्याकाळचे केसपेपर मागवावे लागतील. थाप निघाली तरी फसवला गेलेला हा मुलगाच ठरतो.

मावशींनी कागद परत पिशवीत घातला. जाताना म्हणाल्या, "म्हणजे गाडी दिली हा गुन्हा नाही, कशासाठी दिली ते धरतात?" हो, तेच धरतात. जामीन अर्ज सत्र न्यायालयात आहे, पुढची तारीख सोमवारची.